लाल चिठ्ठीच्या मालावर, बरं का

शटर उघडण्याआधीची वेळ मॅडमची असायची. त्या वेळात दुकानात मालकाचंही काही चालत नसे. चादरी आणि पडदे यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सगळी मंडळी अर्धगोल करून उभी राहायची आणि मॅडम त्यांच्यासमोर, हातात काही न घेता. कागदावर बघून बोललेलं त्यांना खपायचं नाही. "गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावर खिशातून चिठ्ठी काढून वाचणार आहात का?" असं त्या विचारायच्या, आणि ज्याचा हात खिशात गेलेला असायचा तो गुपचूप बाहेर काढायचा. पाठीमागे सगळे त्यांना मास्तरीण म्हणत. मॅडमना ते माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

सणाच्या सेलच्या पहिल्या सकाळी मॅडमनी बोलायचं सगळं चार वाक्यांत बसवलं. "पहिलं, नमस्कार आणि स्वागत. गिऱ्हाईक आत आल्या आल्या, पण त्याची वाट अडवून नाही. दुसरं, ऑफर. दोन चादरींवर तिसरी मोफत, आणि मोफत कुठली? तिन्हींतली सर्वांत कमी किमतीची. हे तिथल्या तिथे सांगायचं. बिलिंगला जाऊन कळलं की गिऱ्हाईक भांडतं आणि ते बरोबरच असतं. तिसरं, अट. फक्त लाल चिठ्ठीच्या मालावर, रविवारपर्यंत. अट पुटपुटायची नाही. ऑफर ज्या आवाजात सांगितली त्याच आवाजात अट. चौथं, निवांत बघा, मी इथेच आहे. आणि मग खरंच दोन पावलं मागे सरकायचं, मानेवर बसायचं नाही."

"आणि ते काय हवंय, असं नाही विचारायचं?" पडद्यांचे काका म्हणाले. काकांनी आयुष्यभर हाच एक प्रश्न विचारून पडदे विकले होते.

"नाही. काय हवंय म्हटलं की काही नको असं उत्तर येतं. काका, तुम्ही म्हणा बघू."

काकांनी म्हटलं, अट विसरले, पुन्हा म्हटलं. मग टॉवेलची जाडी मुलगी, मग उशांचा लांबुडका पोरगा. एकेक करत पाळी अर्धगोलाच्या शेवटच्या टोकाला आली. तिथे उभी होती ती महिनाभरापूर्वी आलेली, सडपातळ, केस कानापर्यंत कापलेली बाई. तिने हात पोटाशी धरले आणि एका दमात सगळं म्हटलं, एक अक्षर इकडचं तिकडे न होऊ देता. आवाज असा गोड आणि मोकळा, की काकासुद्धा वळून बघायला लागले. आणि शेवटी, आपसूक, तिच्या तोंडून निघालंच, "लाल चिठ्ठीच्या मालावर, बरं का, रविवारपर्यंत."

सगळे फस्सकन हसले. ही तिची जुनी खोड. कुठल्याही वाक्याला ती "बरं का" असं शेपूट लावायची. पाणी दिलं तरी "गार आहे, बरं का", शिडी धरली तरी "हलतेय, बरं का". पहिल्या आठवड्यातच टॉवेलवालीने तिचं नाव बरंका ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं की खरं नाव विचारायची कुणाला आठवणच राहिली नाही. तिला तेच हवं होतं. खरं नाव तिने हजेरीपटावर एकदा लिहिलं होतं, तेवढंच.

"बरं का स्क्रिप्टमध्ये नाही," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा."

झालं. तो एक शब्द ऐकला आणि बरंकाची नजर फरशीवर गेली. मॅडम काही रागावल्या नव्हत्या, उलट ओठांच्या कोपऱ्यात हसतच होत्या. पण "पुन्हा" हा शब्द तिच्या कानात नेहमी दुसऱ्याच आवाजात पडायचा.

त्या आवाजाचा माणूस तिचा नवरा होता. तो आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. आमटीत मीठ जास्त झालं, दार उघडायला उशीर झाला, कुणाशी हसून बोलली, की तो तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी करायचा. "चुकलं माझं, असं म्हण." ती म्हणायची. "पुन्हा. आवाजात कुरकुर आहे." ती म्हणायची. "पुन्हा. आता रडका लागला." त्याच्या कानाला हवा तसा सूर लागेपर्यंत ती म्हणत राहायची, आणि मधे एखादा शब्द हलला की हात उठायचा. एकदा तिने चौकीत जाऊन सांगितलं. तिथल्या साहेबांनी दोघांना चहा पाजला आणि घरातलं घरात मिटवा म्हणून त्याच्याचबरोबर परत पाठवलं. त्या रात्री तिने काय काय किती वेळा म्हटलं, ते तिचं तिलाच ठाऊक. मग एका दुपारी ती चपला घालून भाजीला म्हणून निघाली आणि थेट या शहरात आली, जिथे तिचं कुणी नव्हतं. बायकांच्या वसतिगृहात एक खाट मिळाली आणि दुकानात हे काम.

मॅडमना यातलं तिने एक अक्षर सांगितलं नव्हतं. पण मॅडमचे डोळे कुठे झाकलेले होते? ती कामावर आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सरावासाठी भांडखोर गिऱ्हाईकाचं सोंग घेतलं होतं. "फसवता का लोकांना?" म्हणत त्यांनी काउंटरवर हात आपटला आणि बरंकाने झटकन कोपर वर करून तोंड झाकलं. बाकीचे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सराव तिथेच थांबवला, आणि संध्याकाळी बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "कुणी शोधत येईल का?" बरंकाने होय म्हणून मान हलवली. "मला दाराजवळ नका उभं करू," ती म्हणाली, "आणि नावाची पट्टी नको, बरं का."

म्हणून सेल सुरू झाला तेव्हा मॅडमनी तिला माइकवर बसवलं. बिलिंगच्या मागे एक चिंचोळी केबिन होती. आत एक टेबल, माइक, टिंगटाँग वाजवायचं बटण, आतला फोन, आणि दुकानातल्या कॅमेऱ्यांची चित्रं दाखवणारा एक पडदा. दर अर्ध्या तासाने बटण दाबायचं आणि ऑफर सांगायची. तिथे तिला कुणी बघणार नव्हतं. मॅडमना वाटलं, आपण पोरीला लपवलं. बरंकालाही तसंच वाटलं. दुकानाबाहेर, रस्त्यावरच्या पाटीखाली आणखी एक स्पीकर टांगलेला आहे, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

पहिले दोन दिवस ती जीव मुठीत धरूनच बोलली. पण शब्द चोख यायचे, "बरं का" सुद्धा गिळलं जायचं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकान नुसतं फुललं होतं. लाल चिठ्ठीचा माल दोनदा भरावा लागला. टॉवेलवाली दाराच्या फटीतून चहाचा कप सरकवून गेली, जाताना म्हणाली, "तुझ्या आवाजावर लोक चादरी घेतायत गं. एक आजोबा विचारत होते, ही बाई कुठल्या काउंटरला बसते." बरंका हसली. कितीतरी दिवसांनी अशी हसली की खांदे सैल झाले. त्याच हसऱ्या तोंडाने तिने बटण दाबलं.

"नमस्कार, आपलं स्वागत आहे. सणानिमित्त दोन चादरींवर तिसरी मोफत. तिन्हींतली सर्वांत कमी किमतीची चादर मोफत मिळेल. ऑफर फक्त लाल चिठ्ठीच्या मालावर, बरं का..."

निसटलं. निसटलं म्हणून तिने जीभ चावली आणि सवयीने पडद्याकडे बघितलं. दाराबाहेरच्या कॅमेऱ्यात रस्ता दिसत होता. जाणाऱ्या येणाऱ्या माणसांत एक माणूस मधेच थांबला होता. तो मान वर करून स्पीकरकडे बघत होता.

तिचा श्वास अडकला. वाक्य अर्धं राहिलं होतं. कसाबसा घोट गिळून ती पुढे म्हणाली, "...रविवारपर्यंत. निवांत बघा, आणि परत नक्की या."

बटण सुटलं. तोवर माणूस दार ढकलून आत आला होता.

करड्या रंगाच्या त्या बारीक चित्रातही तिने त्याला ओळखलं. तोच चौकोनी खांदा, तीच शर्टाची पूर्ण लावलेली बटणं, पावलं टाकायची तीच सावकाश रीत. त्याला कधी घाई नसायची. केबिनला एकच दार होतं आणि ते दुकानातच उघडत होतं. तिने कडी लावली, मग कडीचा आवाज झाला असेल का म्हणून कानोसा घेत राहिली. टेबलाखाली शिरावं असं वाटलं. पण टेबलाखालून पडदा दिसला नसता, आणि तो कुठे आहे हे न दिसणं त्याहून वाईट.

पडद्याला आवाज नव्हता. नुसती तोंडं हलत होती. दारातल्या म्हाताऱ्या राखणदाराने त्याला हात जोडले, स्क्रिप्टप्रमाणे. टॉवेलवाली पुढे झाली, दोन पावलांवर थांबून हसली, बोलली, वर लाल चिठ्ठीकडे बोट केलं. अगदी शिकवल्यासारखं केलं पोरीने. त्याने ऐकूनच घेतलं नाही. काहीतरी विचारलं, आणि विचारताना त्याचे ओठ ज्या तऱ्हेने मिटले आणि उघडले, त्यावरून बरंकाला कळलं, त्याने तिचं नाव घेतलं होतं. खरं नाव. टॉवेलवालीने नाही म्हणून मान हलवली. तिला बिचारीला ते नाव माहीतच नव्हतं, त्यामुळे तिची मान खरोखरीची हलली.

मग त्याने बोट वर केलं, छताकडे, स्पीकरकडे. टॉवेलवालीचा चेहरा एकदम कोरा पडला. आता ही केबिनकडे बघणार, असं बरंकाला वाटलं आणि तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. टॉवेलवाली खरंच वळली. पण तेवढ्यात दोघांच्या मधे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मॅडमची पाठ कॅमेऱ्याकडे होती. त्यांचं तोंड दिसत नव्हतं, नवऱ्याचं दिसत होतं. तो शांतपणे बोलत होता, मधूनमधून हसतही होता. लोकांसमोर तो फार चांगला हसायचा. मॅडमनी हातवारे करून काहीतरी समजावलं. त्याने काकांना हाक मारून विचारलं. काका हातातला पडदा तसाच धरून आले, कपाळाला हात लावला आणि वैतागल्यासारखं काहीतरी म्हणाले. तो ऐकत होता. मग त्याने हाताची घडी घातली आणि खांबाला टेकून उभा राहिला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याकडे त्याने बघितलं. तो जायला आलेला नव्हता.

टेबलावरचा फोन वाजला. बरंका दचकून भिंतीला धडकली. तिने फोन कानाला लावला, तोंडातून आवाज काढला नाही.

"हॅलो, रेकॉर्डिंग रूम ना?" मॅडमचा आवाज होता, गिऱ्हाईकासमोर वापरायचा तो, मऊ आणि ठणठणीत. "साहेब, आमच्याकडे एक गिऱ्हाईक आहेत. त्यांना वाटतंय की घोषणा इथे कुणी बाई बसून करते. मी सांगितलंय त्यांना, आमचं रेकॉर्ड मुख्य ऑफिसातून येतं, सगळ्या दुकानांत तेच वाजतं. त्यांना एकदा पुन्हा ऐकायचं आहे. तर वेळ झाली की तेच रेकॉर्ड लावा हं. मघाचंच. जसंच्या तसं. मधे जे काही आहे ते असू द्या, काटछाट नको. ऐकलंत ना, जसंच्या तसं."

फोन बंद झाला. पडद्यावर मॅडमनी फोन काउंटरवर ठेवला. त्याने मान हलवली आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

बरंकाला सगळं लख्ख समजलं. तो थांबणार होता. पुढची घोषणा तो कान लावून ऐकणार होता. माणूस बोलला की दर वेळी काही ना काही हलतं. एखादा शब्द लांबतो, एखादा आखडतो. रेकॉर्ड हलत नाही. मघाशी तिने जसं म्हटलं होतं तसंच आता म्हणावं लागणार होतं, तेच हसू आवाजात घेऊन, "बरं का" त्याच जागी, आणि त्यानंतर तो अडकलेला श्वास, तेवढाच लांब, आणि मग "रविवारपर्यंत". आणि घोषणा झालीच नाही, तर आत कुणीतरी घाबरून बसलंय हे त्याला न सांगता कळणार होतं.

कपातला उरलेला चहा तिने प्यायला, तो गार झाला होता. तिने ओठ हलवून आवाज न काढता म्हणून बघितलं. नमस्कार, आपलं स्वागत आहे. मघाशी आपण हसत होतो. आता हसायचं कसं? टॉवेलवाली काय म्हणाली होती, आजोबा, काउंटर... तिने तोंडाचे कोपरे बोटांनी वर ओढले आणि तसेच धरून बघितले.

तेवढ्यात तिच्या मनात ते आलं, आणि आलं तसं तिला शिसारी आली. हे आपल्याला येतं. हे जर जगात कुणाला येत असेल तर आपल्याला येतं. एकच वाक्य, त्याच सुरात, तसूभर न हलता, पुन्हा आणि पुन्हा. उंबऱ्यात उभं करून त्यानेच तर शिकवलं होतं. किती संध्याकाळी! फरक एवढाच, की तेव्हा सूर त्याला हवा तसा लावायचा होता, आणि आज तिला हवा तसा.

तिने डोळे मिटले आणि मघाचं सगळं कानात ऐकलं. नुसते शब्द नाहीत, शब्दांमधल्या जागासुद्धा. "तिसरी मोफत" म्हणताना आवाज जरा वर गेला होता. "कमी किमतीची" घाईत झालं होतं. "बरं का" नंतर जीभ चावली होती, मग पडदा, मग तो. तिथे श्वास अडकला होता. घोट गिळल्याचा आवाज माइकमध्ये गेला होता का? गेला असेल तर? तो सुद्धा करायला हवा. त्याचे कान तिला माहीत होते. आवाजातली कुरकुर ओळखणारे कान होते ते.

वेळ झाली. पडद्यावर तो खांबापासून सरळ झाला. मॅडम त्याच्यापासून दोन पावलांवर उभ्या होत्या, निवांत बघा म्हणून झाल्यावर उभं राहायचं तशा. काका, टॉवेलवाली, उशांचा पोरगा, सगळे आपापल्या जागी, आणि एकही जण केबिनकडे बघत नव्हता. हे त्यांना कुणी शिकवलं होतं, कोण जाणे.

बरंकाने बटण दाबलं. टिंगटाँग झालं.

"नमस्कार, आपलं स्वागत आहे."

आवाज आला. मघाचाच आला. तो कुठून आला हे तिला कळलं नाही, कारण डाव्या हाताने तिने मांडीत नखं रुतवली होती. "सणानिमित्त दोन चादरींवर तिसरी मोफत." वर गेला. "तिन्हींतली सर्वांत कमी किमतीची चादर मोफत मिळेल." घाईत. पडद्यावर तो मान तिरकी करून ऐकत होता, घरी ऐकायचा तसाच. त्याच्या त्या तिरक्या मानेकडे बघत ती बोलत होती. तिने नजर काढली नाही, काढली असती तर सूर गेला असता.

"ऑफर फक्त लाल चिठ्ठीच्या मालावर, बरं का..."

थांबली. आता श्वास अडकवायचा होता. तो अडकवावा लागला नाही, आपोआपच अडकला, आणि सुटेचना. क्षणभर तिला वाटलं आता सुटणारच नाही, आता हा माणूस हसणार आणि सावकाश केबिनकडे चालत येणार. तिने घोट गिळला.

"...रविवारपर्यंत. निवांत बघा, आणि परत नक्की या."

बटण सोडून तिने दोन्ही हात काखेत दाबले. परत नक्की या, असं ती त्याला म्हणाली होती. दोनदा म्हणाली होती.

तो तसाच उभा राहिला. वर बघत होता. मग त्याने मॅडमना काहीतरी विचारलं आणि मॅडमनी खांदे उडवले. त्याने काउंटरवरचं ऑफरचं पत्रक उचललं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं. त्याने पत्रक का घेतलं, हे तिला कळलं नाही. तो दाराकडे निघाला, सावकाश. दारात म्हाताऱ्या राखणदाराने पुन्हा हात जोडले. त्याला बिचाऱ्याला आत काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. त्याचे ओठ हलताना बरंकाला स्पष्ट दिसले. जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं ते, परत नक्की या, तो त्यालाही म्हणाला.

मॅडमनी दार वाजवलं तेव्हा बरंकाला कडी काढता येईना. दार उघडल्यावर मॅडम आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि तिचाच गार चहाचा रिकामा कप तोंडाला लावला. मास्तरीण म्हणवणाऱ्या बाईला कप रिकामा आहे हेही कळलं नाही, हे बघून बरंकाला रडू फुटलं.

"काकांनी काय सांगितलं त्याला?" तिने हुंदके देत विचारलं.

"म्हणाले, हे रेकॉर्ड ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय, बंद करायला सांगा कुणीतरी." मॅडम हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. "अगं, मी तुला किती वेळा सांगितलं, बरं का स्क्रिप्टमध्ये नाही."

"तो परत येईल," बरंका म्हणाली.

मॅडमनी नाही म्हटलं नाही. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी त्यांनी टॉवेलवालीला आणि काकांना तिच्याबरोबर वसतिगृहापर्यंत पाठवलं. तिघंही गल्लीबोळातून, दर कोपऱ्यावर मागे वळून बघत गेले. रात्रभर बरंका खाटेवर भिंतीकडे पाठ करून पडली. जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की ती मोजमाप घ्यायची, घाईचं आहे की सावकाश. पहाटे तिने पिशवी भरली. दुसरं शहर, दुसरं दुकान, पुन्हा नवी खाट. पिशवी हातात घेऊन ती निघाली, आणि स्टँडकडे वळायचं त्या चौकात बराच वेळ उभी राहिली. शेवटी ती दुकानाकडेच गेली. धाडस वगैरे काही नव्हतं. एकटीने घाबरायचा तिला कंटाळा आला होता.

अर्धगोल उभा होता. टॉवेलवालीने जरा सरकून जागा केली आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन चादरींच्या गठ्ठ्यामागे ठेवली.

"आज स्क्रिप्टमध्ये एक बदल आहे," मॅडम म्हणाल्या. "अटीच्या वाक्यात, मालावर नंतर आणि रविवारच्या आधी, बरं का म्हणायचं. प्रत्येकाने. दारापासून बिलिंगपर्यंत. कुणी विचारलं तर आपल्या दुकानाची बोलायची पद्धतच तशी आहे. काका, तुमच्यापासून."

"या वयात मला लाडिक बोलायला लावता," काका कुरकुरले. मग त्यांनी घसा साफ केला, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "लाल चिठ्ठीच्या मालावर, बरं का, रविवारपर्यंत." कुणी हसलं नाही. टॉवेलवालीने म्हटलं. उशांच्या पोराने म्हटलं. राखणदाराला काल काय झालं ते आता कुणीतरी सांगितलेलं असावं, कारण त्याने ते खाली मान घालून म्हटलं आणि दोनदा म्हटलं. तिचे दोन शब्द माणसामाणसांतून फिरत फिरत तिच्याकडे आले.

आणि बरंकाच्या तोंडून ते निघेनात. जन्मभर जे आपसूक निघायचं ते घशातच अडलं. तिने "मालावर" म्हटलं आणि ती गप्प झाली. सगळे थांबले. मॅडम तिच्याजवळ आल्या, दोन पावलांवर थांबल्या.

"पुन्हा," त्या म्हणाल्या, अगदी हळू.

बरंकाने त्यांच्याकडे बघितलं. या वेळी तो शब्द मॅडमच्याच आवाजात ऐकू आला. "लाल चिठ्ठीच्या मालावर," ती म्हणाली, "बरं का. रविवारपर्यंत."

"शटर घ्या वर," मॅडम म्हणाल्या.

राखणदाराने साखळी ओढली. शटर कुरकुरत वर जायला लागलं आणि खालच्या फटीतून आधी उजेड आला, मग वाट बघत उभ्या असलेल्या लोकांचे पाय. बरंका माइकच्या केबिनकडे गेली नाही. तिथून तिला पायऱ्यांवर कोण उभं आहे ते नीट दिसलं नसतं. ती तिथेच उभी राहून एकेक बूट, एकेक चप्पल बघत गेली. शटर गुडघ्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. त्या पायांत ते पाय नव्हते. आज नव्हते. तिच्या दोन्ही बाजूंना टॉवेलवाली आणि काका खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि पहिलं गिऱ्हाईक आत येताच तिघंही एकाच सुरात म्हणाले, नमस्कार, आपलं स्वागत आहे.